नकोसे कॉल आणि फसवे संदेश : ठाणे-नवी मुंबईकरांनो, तक्रार केल्यावर आपल्याला काय अनुभव आला?

माजिवड्याची वसुधा (धागाकर्ती)

घरकर्ज, ‘घोडबंदर रोडला लागून’ असलेले नवे गृहप्रकल्प, विम्याचे नूतनीकरण आणि गुंतवणुकीचे सल्ले यांसाठी येणाऱ्या कॉलचे प्रमाण आमच्या परिसरात असह्य झाले आहे. आलेला क्रमांक ब्लॉक करणे हा उपाय आपण सगळेच करतो. त्याने केवळ तो एक क्रमांक आपल्या एका फोनपुरता गप्प होतो आणि दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये तशीच म्हणणारी व्यक्ती दुसऱ्या क्रमांकावरून बोलू लागते. म्हणून या धाग्यात ब्लॉक करण्याच्या पुढचे अनुभव हवे आहेत. १९०९ या नकोशा कॉलच्या तक्रार क्रमांकावर तक्रार केल्यावर प्रत्यक्षात काय झाले, तक्रार फेटाळली गेली असल्यास कोणत्या कारणाने, आणि मोबाईल कंपन्या स्वतःच्या नेटवर्कवरून ‘संशयित स्पॅम’ अशी जी सूचना दाखवू लागल्या आहेत तिचा भरवसा किती, हे कृपया सविस्तर लिहावे.

पाचपाखाडीचा निनाद

यासाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. `START 0` असा संदेश १९०९ ला पाठवला की डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे कॉल आणि संदेश नकोत अशी नोंद, पूर्णपणे सुरू होते आणि त्यानंतर कोणतीही कंपनी आपल्याला कॉल करू शकत नाही. मी हे करून बराच काळ झाला आहे आणि १४० ने सुरू होणारे कॉल मला जवळजवळ येतच नाहीत. दहा आकडी क्रमांकांवरून अजून येतात, परंतु ते बहुधा आपणच कधीतरी कुठेतरी आपला क्रमांक दिल्यामुळे येत असावेत.

कोपरखैरणेचे देशपांडे (दूरसंचार सेवेतून निवृत्त)

निनादराव, आपल्या म्हणण्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. डीएनडीची गाळणी नोंदणीकृत टेलिमार्केटरना लागते, कारण त्यांचे कॉल ठरवून दिलेल्या १४० च्या मालिकेतून निघतात आणि ते निघण्यापूर्वी ग्राहकांच्या पसंतीच्या यादीशी ताडून पाहता येतात. परंतु साध्या दहा आकडी सिमकार्डावरून विक्रीचे कॉल करणारा माणूस त्या यंत्रणेत मुळात नोंदलेलाच नसतो. त्याला प्रचारासाठी तसा क्रमांक वापरण्याची मुभाच नाही, म्हणून त्याच्यापुरता डीएनडीचा उपयोग शून्य आहे आणि तेथे तक्रार हाच मार्ग उरतो.

तक्रारीचा प्रवास असा असतो. आपण ती नोंदवली की आपली मोबाईल कंपनी प्रथम त्या दिवशी त्या क्रमांकावरून आपल्याला खरोखर कॉल आला होता का, हे स्वतःच्या नोंदींत पाहते. नोंद जुळली तर तक्रार कॉल करणाऱ्याच्या कंपनीकडे जाते, कारण कारवाई तिलाच करायची असते. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये नकोशा व्यापारी संपर्काबाबतच्या २०१८ च्या नियमावलीत दुरुस्ती केली आणि तीन गोष्टी बदलल्या. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. अशा नोंदणी नसलेल्या प्रेषकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी स्वतः डीएनडीत असण्याची अट गेली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्यावर कारवाई सुरू होत असे, आता दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या ग्राहकांच्या तक्रारी पुरतात. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर त्या प्रेषकाची बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद होते आणि पुन्हा घडल्यास सर्व कंपन्यांकडील त्याची जोडणी एक वर्षासाठी तोडली जाते.

यातला ‘वेगवेगळ्या’ हा शब्द कृपया ध्यानात घ्यावा. एकाच व्यक्तीने कितीही वेळा तक्रार केली तरी ती त्या पाचांतली एकच धरली जाते.

कासारवडवलीचे सोसायटी सचिव

देशपांडे साहेबांनी सांगितलेल्या याच कलमाचा आम्ही प्रत्यक्ष उपयोग केला, म्हणून तो प्रसंग क्रमाने मांडतो. आमच्या इमारतीत एकाच गृहप्रकल्पाच्या विक्रीसाठी दुपारच्या वेळी कॉल येत असत. इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर चौकशी केली तेव्हा अनेक घरांत त्याच एका दहा आकडी क्रमांकावरून विचारणा झाल्याचे लक्षात आले. तोपर्यंत प्रत्येकाने आपापल्या घरी तो क्रमांक ब्लॉक करून विषय संपवला होता. आम्ही सर्वांना विनंती केली की ब्लॉक जरूर करा, परंतु त्याआधी आपल्या स्वतःच्या फोनवरून १९०९ ला एक संदेश पाठवा. त्याचा नमुनाही गटावर दिला. प्रथम कॉलचा विषय, मग कॉल करणाऱ्याचा क्रमांक, मग तारीख:

```
Flat sale call Ghodbunder Road, 9XXXXXXXXX, 14/07/25
```

काही जणांना लगेच तक्रार क्रमांक मिळाला. दोघांच्या तक्रारी फेटाळल्या गेल्या. त्यांपैकी एका गृहस्थांनी कॉल आला त्या दिवसाऐवजी संदेश पाठवला त्या दिवसाची तारीख लिहिली होती, त्यामुळे नोंदीत कॉल सापडला नाही. दुसऱ्या फेटाळणीचे कारण आम्हाला आजही समजलेले नाही, कारण उत्तरात केवळ ‘तक्रार बंद केली आहे’ एवढेच वाक्य होते. उरलेल्यांना काही दिवसांनी कारवाई केल्याचा संदेश आला आणि त्या क्रमांकावरून येणारे कॉल थांबले. त्या प्रकल्पाचे कॉल पुढे दुसऱ्या क्रमांकावरून पुन्हा सुरू झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही प्रत्येक वेळी नवे सिम घेणे त्यांना महाग पडावे, या हेतूने आम्ही ही पद्धत चालू ठेवली आहे.

सीवूड्सची मानसी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या सासूबाईंना एका संदेशाने फार घाबरवले. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल, त्वरित अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ असा तो मजकूर होता आणि खाली एक मोबाईल क्रमांक होता. बिल तर आम्ही वेळेवर भरले होते. मी हा क्रमांक १९०९ ला कळवला. ते योग्य झाले का?

कोपरखैरणेचे देशपांडे

मानसीताई, १९०९ हे नकोशा व्यापारी संपर्कासाठी आहे. आपल्याला आलेला संदेश विक्रीचा नाही, तो फसवणुकीचा प्रयत्न आहे आणि त्याच्यासाठी दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरील ‘चक्षू’ हे दालन मार्च २०२४ पासून उपलब्ध आहे. तेथे संदेशाचे छायाचित्र, क्रमांक, तारीख आणि वेळ द्यावी लागते. तो संपर्क मागील तीस दिवसांतला असावा. तेथील माहितीवरून संशयित जोडण्यांची फेरपडताळणी होते आणि पडताळणीत टिकले नाही तर क्रमांक बंद होतो. मात्र पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नये. तेव्हा तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कॉल करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी, कारण पैसे ज्या खात्यात गेले तेथून ते पुढे काढले जाण्यापूर्वी अडवण्याची यंत्रणा त्या बाजूला आहे.

आपल्या सासूबाईंना ओळखीच्या खुणा जरूर सांगा. महावितरणचे संदेश दहा आकडी क्रमांकावरून येत नाहीत. प्रेषकाच्या जागी `VM-MSEDCL` यांसारखे नाव असते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून ‘आज रात्री’ हे शब्दच त्या संदेशाचे खोटेपण उघड करतात. बहुतेक वेळा अशा संदेशात बारा अंकी ग्राहक क्रमांकही नसतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नोंदणीकृत नावांनी जाणाऱ्या संदेशांत आधी मान्यता न घेतलेला दुवा असेल तर तो संदेश कंपन्यांनी नेटवर्कवरच अडवायचा आहे. त्यामुळे फसवणारे साध्या सिमकडे आणि व्हॉट्सॲपकडे वळले, हे मला स्पष्ट दिसते. ज्यात दुवाच नाही, केवळ फोन क्रमांक आहे, असा संदेश त्या गाळणीत सापडत नाही.

ऐरोलीचा सुजय

मला व्हॉट्सॲपवर घरबसल्या कामाचे आणि वाहनाच्या दंडाचे संदेश येतात. दंडाच्या संदेशासोबत `RTO challan.apk` अशी फाइल असते. त्या माणसाचे ठिकाण शोधून काढण्याचा काही मार्ग आहे का? आणि नेटवर्कची गाळणी हे थांबवते का?

माजिवड्याची वसुधा

सुजय, ठिकाण शोधणे हे पोलिसांचे काम आहे, आपण त्यात पडू नये. व्हॉट्सॲपचा मजकूर मोबाईल कंपनीच्या एसएमएस यंत्रणेतून जातच नाही, त्यामुळे ती गाळणी तेथे लागू होत नाही. व्हॉट्सॲपमध्येच ‘रिपोर्ट’ करून ब्लॉक करावे आणि तोच क्रमांक चक्षूवरही द्यावा, तेथे व्हॉट्सॲपसाठी वेगळा पर्याय आहे. ती फाइल मात्र उघडू नये. अशी ॲप स्थापित झाल्यावर एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात आणि मग बँकेचे ओटीपी आपल्याआधी त्यांच्या हाती पडतात.

वाशीची फिजिओथेरपिस्ट

येथे मला दुसरी बाजू मांडावी लागते आहे. आमच्या दवाखान्यातून सकाळी रुग्णांना वेळेची आठवण करून देणारे कॉल जातात. काही आठवड्यांपासून रुग्ण सांगू लागले की आमच्या क्रमांकापुढे ‘संशयित स्पॅम’ असे दिसते. ज्येष्ठ रुग्ण तो कॉल घेत नाहीत आणि त्यांची उपचाराची वेळ चुकते. आम्ही काहीही विकत नाही. आमच्यावर हा शिक्का कोणी मारला आणि तो काढायचा कसा?

कोपरखैरणेचे देशपांडे

डॉक्टर, आपली अडचण खरी आहे. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये अशी सूचना देणे सुरू केले, पुढे इतरांनीही केले. ही यंत्रणा आपले बोलणे ऐकत नाही, वागण्याचा नमुना पाहते. थोड्या वेळात अनेक अनोळखी क्रमांकांना कॉल गेले, ते काही सेकंदांत संपले आणि उलट कॉल फारसे आले नाहीत, की तो क्रमांक विक्री करणाऱ्यासारखा दिसू लागतो. आपल्या सकाळच्या आठवणींचा आकार नेमका तसाच आहे. माझ्या मते आपण कॉल दिवसभरात विभागावेत, रुग्णांना आपला क्रमांक जतन करायला सांगावा आणि ज्या कंपनीच्या ग्राहकांना शिक्का दिसतो तिच्याकडे लेखी हरकत नोंदवावी. फोनमधील ॲपने दाखवलेला शिक्का आणि नेटवर्कचा शिक्का वेगळे असतात, म्हणून रुग्णाला पडद्याचे छायाचित्र पाठवायला सांगून आधी शिक्का कोणाचा आहे ते ठरवावे.

पाचपाखाडीचा निनाद

म्हणजे सूचना दिसली तरी कॉल वाजतोच ना? मग कंपनीने तो थेट अडवायला हवा.

वाशीची फिजिओथेरपिस्ट

निनाद, थेट अडवला असता तर माझ्या रुग्णांना आम्ही कॉल केला होता हेही कळले नसते. मला शिक्का परवडतो, अडवणूक परवडणार नाही.

देशपांडे साहेबांच्या सांगण्याप्रमाणे छायाचित्रे मागवली. बहुतेक रुग्णांच्या पडद्यावर शिक्का नेटवर्कचा होता, तिघांकडे कॉलरचे नाव दाखवणाऱ्या ॲपचा होता. ॲपकडे केलेली हरकत मान्य झाली. मोबाईल कंपनीकडून अद्याप केवळ पोच मिळाली आहे. येथे आणखी कोणाचा शिक्का नेटवर्कवरून उतरला असेल तर त्यासाठी कोणती कागदपत्रे मागितली गेली, ते कृपया लिहावे.