मदत हवी आहे: रात्रीचा जॉब न पडता एपीआय की कशी बदलायची?

संत्राबाग: कळमना मार्केटमधल्या एका आडत्यासाठी डॅशबोर्ड बनवला आहे. क्रॉन दर अर्ध्या तासाने `refresh.sh` चालवतो, तो बाहेरच्या एपीआयवरून भाव ओढतो. एरवी 8-9 मिनिटं लागतात, रात्री कधी 20. की `.env` मध्ये आहे आणि स्क्रिप्ट ती सुरुवातीला एकदाच वाचते. मागच्या वेळी की बदलली तेव्हा चालू रन मधेच 401 देऊन पडला आणि पहाटे 5 ला आडत्याचा फोन. या वेळी एकही रन पडू द्यायचा नाही.

धरमपेठी: त्यात काय भाऊ, दोन रनच्या मधे बदलून टाका. मी तेच करून राहिलो, दोन वर्षं झाली.

संत्राबाग: तुमचा रन किती वेळ चालतो?

धरमपेठी: दोन मिनिटं. हां, तुमचं वेगळं आहे.

उमरेडरोड: आमची की चुकून गिटवर गेली होती. लगेच रद्द करा, वाट पाहू नका!

जुनाखांब: उमरेडरोड, फुटलेल्या कीला ते बरोबर, तिथे रन पडला तरी चालेल. इथे की फुटलेली नाही. संत्राबाग, तुमच्या पॅनलवर एकाच वेळी दोन की चालतात का?

संत्राबाग: हो, दोन.

जुनाखांब: मग ‘रीजनरेट’ला हात लावू नका, त्याने बहुतेक ठिकाणी जुनी त्याच क्षणी मरते. दुसरी की बनवा, हाताने एक कॉल करून 200 येतो का पाहा, मग जॉब ज्या युजरने चालतो त्याच युजरने:

```
umask 077
cp .env .env.new
nano .env.new
mv .env.new .env
```

एकाच डिस्कवर `mv` एका झटक्यात होतं, त्यामुळे अर्धवट फाइल कुणाच्या हाती लागत नाही. रूटने केलंत तर फाइल रूटची होते आणि पुढच्या रनला ती वाचताच येत नाही, हे मी स्वतः भोगलंय. चालू रन जुन्या कीवर निवांत संपेल. नव्या कीवर दोन रन पूर्ण झाले की जुनीचा ‘शेवटचा वापर’ पाहा. तो थांबला असेल तरच रद्द करा.

संत्राबाग: काल रात्री 11 ला केलं. रन सगळे हिरवे. पण जुन्या कीचा शेवटचा वापर आज सकाळी 9:05 दाखवतोय!

जुनाखांब: म्हणजे ती की अजून कुठेतरी आहे. पॅनलवर आयपी दिसतो का?

संत्राबाग: नाही. आडत्याच्या मुनीमजींच्या लॅपटॉपवर एक एक्सेल आहे, मीच जोडून दिलं होतं... पण ते महिनाअखेरीलाच उघडतात म्हणे.

जुनाखांब: विचारून घ्या. तोवर जुनी राहू द्या.

धरमपेठी: आणि एकच की मिळत असेल तर?

जुनाखांब: क्रॉनमध्ये जॉब `flock /var/lock/refresh.lock` मागे ठेवा आणि की बदलायची स्क्रिप्टही त्याच कुलपामागे. चालू रन संपल्यावरच की बदलेल, पुढचा रन तेवढा वेळ थांबेल. `-n` लावू नका, नाहीतर तो थांबायच्या ऐवजी तिथूनच परत जाईल. लॉक फाइल मात्र दोन्ही युजरना उघडता यायला हवी.

संत्राबाग: मुनीमजी फोन उचलत नाहीयेत. उद्या मार्केटलाच जातो.