शब्दचर्चा : पत्रिकेतील ‘गतघटी १२, पळे ३५’ म्हणजे किती वाजता?

दारव्ह्याची शिक्षिका : आमच्या आजोबांची हाती लिहिलेली जन्मपत्रिका जुन्या पेटीत सापडली. जन्म शके १८७०, मार्गशीर्ष, म्हणजे डिसेंबर १९४८चा मध्य. तीत ‘दिनमान घटी २७, पळे २०’ आणि ‘सूर्योदयात् गतघटी १२, पळे ३५’ असे लिहिले आहे. घरात सर्वांनी जन्मवेळ दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे अशी धरली. पणजी मात्र ‘दोन पहर व्हायचे होते, गडी न्याहारीवरून उठून पुन्हा कापूस वेचायला लागले होते’ असे सांगत असे. कोणते खरे मानावे?

आर्वीचा शेतकरी : ताई, आमच्याकडे पहार म्हणजे खड्डा खणायची लोखंडी पहार. ‘दोन पहार’ वाचून मी आधी अवजारांचाच हिशेब समजलो.

वणीचे निवृत्त गुरुजी : तो शब्द वेगळा, दादा. हा पहर संस्कृत ‘प्रहर’चा, ‘दोन प्रहर’ झिजूनच ‘दुपार’ झाली. ताई, घटी म्हणजे तास नव्हे. अहोरात्रीच्या ६० घटी होतात, म्हणून एक घटी २४ मिनिटांची, आणि घटीची ६० पळे, म्हणून एक पळ २४ सेकंदांचे. बारा घटींची २८८ मिनिटे आणि पस्तीस पळांची १४ मिनिटे मिळून ३०२ मिनिटे, अर्थात ५ तास २ मिनिटे झाली. ही मोजणी मध्यरात्रीपासून नसून सूर्योदयापासूनची आहे, कारण तसे पत्रिकेतच लिहिले आहे. दारव्ह्याला डिसेंबरच्या मध्यास सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, तेव्हा जन्म पावणेबाराच्या आसपासचा.

मोर्शीचा विद्यार्थी : सर, घटीचे गणित पटले, परंतु पणजींच्या सांगण्याने काहीच सिद्ध होत नाही, असे मला वाटते. प्रहर तीन तासांचा असतो. पावणेसातला सूर्योदय धरला, तर दोन प्रहर पाऊण वाजता पुरे होतात, आणि १२ वाजून ३५ मिनिटेही ‘दोन पहर व्हायच्या आधी’च येतात.

वणीचे निवृत्त गुरुजी : आठ प्रहरांचे चोवीस तास, म्हणून सरासरी प्रहर तीन तासांचा, इथवर तुझे बरोबर आहे. पण दिवसाचा प्रहर हा दिनमानाचा चौथा भाग असतो, आणि दिनमान ऋतूप्रमाणे लहानमोठे होते. या पत्रिकेतले दिनमान २७ घटी २० पळे, म्हणजे १० तास ५६ मिनिटे आहे. त्याचा चौथा भाग २ तास ४४ मिनिटांचा भरतो. मृगाच्या दिवसांत आपल्याकडे हाच प्रहर तीन तासांहून वीसेक मिनिटांनी मोठा होतो, आणि रात्रीचा त्याच मानाने आखूड. आता गंमत अशी, की यासाठी घड्याळ मुळी लागतच नाही. दिनमानाची निमपट १३ घटी ४० पळे, आणि जन्म १२ घटी ३५ पळांवर. म्हणजे माध्यान्हाला अजून १ घटी ५ पळे, आपली २६ मिनिटे बाकी होती. याउलट दारव्ह्याला त्या दिवसांत माध्यान्ह सव्वाबाराच्या सुमारास होत असल्यामुळे १२ वाजून ३५ मिनिटांना दुपार कलली असती. पणजी अगदी नेमके बोलत होत्या.

आर्वीचा शेतकरी : मग पाहुण्याला ‘घटकाभर टेका’ म्हणतो, ते चोवीस मिनिटेच का, गुरुजी?

वणीचे निवृत्त गुरुजी : नाही. बोलण्यातल्या ‘घटकाभर’ला माप राहिलेले नाही. लग्नात पाण्यावर भोकाची तांब्याची वाटी सोडतात, ती भरून बुडाली की घटका भरली. मापाची घटका ती.

अकोल्याची वाचक : एक शंका आहे. ‘पावणेसातचा सूर्योदय’ हा दारव्ह्याचा झाला. पत्रिका करणाऱ्याने मुंबईचे पंचांग पुढ्यात ठेवले असेल तर? सूर्य मुंबईपेक्षा दारव्ह्याला बराच आधी उगवतो. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत असाच घोळ झाला आहे : दवाखान्याच्या कागदावरील वेळ आणि घटींवरून काढलेली वेळ यांत जवळजवळ पाऊण घटिकेचा फरक येतो.

वणीचे निवृत्त गुरुजी : शंका रास्त आहे. रेखांशांमुळेच दोन्ही गावांत सुमारे वीस मिनिटांचे अंतर पडते. त्या काळी सुइणीने सांगितलेली वेळ घड्याळाची असेल आणि लिहिणाऱ्याने तीतून परगावचा सूर्योदय वजा केला असेल, तर घटी तेवढ्या कमी लिहिल्या गेल्या. मग मूळ वेळ परत मिळवायला त्याच परगावचा सूर्योदय मिळवावा लागेल, आणि ती दुपारी बाराच्या थोडी पुढे जाईल. ताई, पत्रिकेत ‘सूर्योदय’ म्हणून तासमिनिटांत काही आकडा लिहिला आहे का?

दारव्ह्याची शिक्षिका : त्या ओळीवर शाई फुटली आहे, सर. सुरुवातीचा आकडा ६ आहे की ७, हेच लागत नाही.