बुऱ्हाणपूरच्या दादांना नाही कसं म्हणायचं?

(राजेंद्रनगर, इंदूर. बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींचा ग्रुप)

वृषाली (३०२): मंडळी, एक घरगुती सल्ला हवाय, म्हणून मेंटेनन्सच्या ग्रुपवर न टाकता इथे विचारतेय. ह्यांचे बुऱ्हाणपूरचे चुलत दादा आहेत ना, त्यांचा मुलगा एमपीपीएससीच्या तयारीला इंदूरला येतोय. क्लास भंवरकुआला. काल दादांचा ह्यांना फोन आला, "फी भरली, पंधरा तारखेपासून सुरू. राहायचं तर काय, तुम्ही आहातच." हे म्हणाले, "हो हो, बघतो, घरात बोलतो." मुलगा गुणी आहे, दादांनी आमच्या लग्नात घरच्यासारखं केलंय. पण ठेवायचं कुठे?

सुलभाकाकू (१०१): अगं, "बघतो" म्हणजे तिकडे "हो" झालं. वहिनींनी एव्हाना गादी उन्हात घातली असेल. जे सांगायचं ते आजच सांगा. दहा तारखेला सांगितलंत तर ते नाही म्हणणं नव्हे, ऐनवेळी हात वर करणं झालं.

मकरंद (२०३): मला कळत नाही, एक पोरगा काय जड आहे? आमच्या रामबागच्या घरात दोन खोल्यांत अकरा माणसं होतो. शिवाय गावाहून कोणी ना कोणी असायचंच.

नेहा (४०१): मकरंद, त्या अकरा जणांची आंघोळीची पाणी कोण तापवत होतं ते आईंना विचार एकदा 😀

मकरंद (२०३): तो मुद्दा बरोबर आहे. गप्प बसतो.

वृषाली (३०२): नाही मकरंद, तू म्हणतोस तेच दादा म्हणणार, म्हणून नीट सांगते. आमचा वन बीएचके. हॉलमध्ये दिवाणावर सासूबाई झोपतात, त्या रात्री दोन-तीनदा उठतात. मुलीची यंदा दहावी. बेडरूममधला दिवा दहाला बंद होतो, ह्यांची सकाळची पाळी असते. त्यामुळे ती स्वयंपाकघरात ओट्याशेजारी फोल्डिंग टेबल लावून बसते. संडास-बाथरूम एकच. आणि नर्मदेचं पाणी दिवसाआड, ते तुम्हाला काय सांगायचं. तो आला तर झोपणार हॉलमध्ये जमिनीवर, सासूबाईंच्या वाटेत. अभ्यास करणार कुठे, ते मला खरंच सुचत नाही.

मकरंद (२०३): किती दिवस म्हणालेत?

वृषाली (३०२): "एक वर्ष, फार तर."

मकरंद (२०३): हे मात्र मी सांगू शकतो, मी स्वतः दिलीय ती परीक्षा. आधी प्रिलिम्स, दोन पेपर. त्यातून निघालात तर मेन्स, सहा पेपर. मग इंटरव्ह्यू. मध्ये निकालाची वाट बघायची, तोवर पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायचा. पहिल्या फेरीत प्रिलिम्स गेली तर कोणी सामान बांधून घरी जात नाही, "आता थोडक्यासाठी राहिलं" म्हणतात आणि राहतात. मीही राहिलो होतो. त्यामुळे हे वर्ष धरूच नका. ज्या मुक्कामाला शेवटची तारीख नाही तो संपवायची वेळ आली की आजच्यापेक्षा दहापट वाईट बोलावं लागतं. मत बदललं माझं. नाही म्हणा.

वृषाली (३०२): मी एक मेसेज लिहून ठेवलाय, बघा बरं:
"दादा, नमस्कार. चिरंजीव इंदूरला येतायत ऐकून आनंद झाला. पण सध्या घराचं रंगकाम काढायचं आहे, आईंची तब्येतही बरी नसते, मुलीचं दहावीचं वर्ष, शिवाय माझ्या माहेरचे येणार आहेत. त्यामुळे सध्या थोडी अडचण आहे. नंतर नक्की बघू. गैरसमज नसावा."

नेहा (४०१): नको गं, हा पाठवू नकोस. दादा एकेक कारण सोडवून देतील. रंगकाम किती दिवस? आठ. मग तो नवव्या दिवशी येईल. आई बऱ्या नाहीत? बरंच झालं, औषधं आणायला घरात मुलगा होईल. माहेरचे कधी जाणार? आणि "सध्या" नि "नंतर नक्की बघू" लिहिलंस म्हणजे दसऱ्याला पुन्हा फोन. तेव्हा तुझ्याकडे रंगकामही उरलेलं नसेल.

सुलभाकाकू (१०१): आणि रंगकाम खरंच काढणार आहात का?

वृषाली (३०२): 🙈 दिवाळीनंतर, जमलं तर.

सुलभाकाकू (१०१): मग ते आधी खोडून टाक. दिवाळीत तेच दादा फराळाला येतील आणि भिंतींकडे बघत बसतील. जागा नाही हे एवढं खरं कारण आहे की दुसरं लागतच नाही. जागा वाढवून कोणी देऊ शकत नाही.

आपटेआजोबा (१०४): सर्वांना नमस्कार. उशिरा वाचतोय. मला दोन गोष्टी वाटतात. एक, हा निरोप लिहून जाऊ नये आणि वृषालीच्या फोनवरून तर मुळीच जाऊ नये. भाऊ त्यांचा आहे, त्यांनीच स्वतः बोलावं. सुनेच्या तोंडून गेलं की बुऱ्हाणपुरात "तिनंच नको म्हटलं" असं पुढची वीस वर्षं सांगितलं जाईल, मग खरं काही असो. आईंनाही आधी विश्वासात घ्या. नाहीतर इकडे मुलगा नाही म्हणेल आणि तिकडे आजी फोनवर म्हणेल, "अरे पाठव की, माझ्या दिवाणाशेजारी झोपेल."

वृषाली (३०२): आजोबा, आमच्या सासूबाई अगदी हेच म्हणतील!

आपटेआजोबा (१०४): म्हणूनच. दुसरं असं की दादांना नेमकं काय हवंय ते आधी ऐका. गावाहून मुलगा पाठवताना बापाला पैशाची काळजी असते, आईला तो कुणाच्या नजरेखाली राहील याची. पैशाची असेल तर उत्तर वेगळं, नजरेची असेल तर वेगळं. आपण दोन्हीला "जागा नाही" एवढंच म्हणून मोकळे होतो, आणि समोरच्याची काळजी आहे तिथेच राहते. राग त्याचा येतो.

नेहा (४०१): आजोबांचं पटलं. माझ्या मावसबहिणीच्या वेळी आम्ही पहिले काही दिवस घरी ठेवून घेतलं आणि भंवरकुआला खोली बघून दिली. तारीख आधीच बोललो होतो, म्हणून जाताना कुणालाच वाईट वाटलं नाही. ती अजून सणाला येते.

सुलभाकाकू (१०१): मग जेवणाचं तरी घ्या की अंगावर. डबा द्यायचा रोज. परकं वाटणार नाही पोराला.

नेहा (४०१): काकू, रोजचा डबा नको हं. तो दिसायला छोटा. सकाळी सातला भरायचा कुणी, पोचवायचा कुणी, आणि एक दिवस चुकला की "डबासुद्धा देत नाहीत". भंवरकुआला मेस आणि टिफिनवाले ढीगभर आहेत. रविवारचं जेवण ठरवा. तेवढं निभतं.

सुलभाकाकू (१०१): मला नाही पटत. घरचं अन्न ते घरचं अन्न. पण वृषालीचे हात वृषालीलाच माहीत.

वृषाली (३०२): काकू, रविवार मी आनंदाने करीन. रोजचं खरंच नाही झेपणार.
बरं, ह्यांना बोलायला असं लिहून देते. सासूबाईंशी दुपारी बोलले, मुलीचं ओट्याजवळचं टेबल दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला कुठे माहीत होतं पोर रात्री इथे बसते ते."

"दादा, काल मी बघतो म्हणालो, पण तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं नाही, म्हणून आजच फोन केला. त्याला वर्षभर आमच्याकडे ठेवणं जमणार नाही. घर तुम्ही पाहिलंय. आई हॉलमध्ये, मुलगी स्वयंपाकघरात अभ्यास करते, चौथ्या माणसाला बसायला कोपरा नाही. सुरुवातीला येईल तेव्हा खोली मिळेपर्यंत आमच्याकडेच उतरू दे, वीस तारखेपर्यंत. खोली मी त्याच्याबरोबर फिरून बघेन. दर रविवारी जेवायला इथेच. आजारी पडला तर मी जाऊन घरी घेऊन येईन. वहिनींना काय काळजी वाटतेय ते मला मोकळेपणाने सांगा."

मकरंद (२०३): चांगलं आहे. "जमणार नाही" हे दुसऱ्याच वाक्यात आलं, ते तसंच राहू दे. भिया, बोलताना पाणी घालू नको म्हणावं. "बहुतेक", "तसं अवघडच" असं काही नको. आणि वीस तारीख म्हटली की वीसच.

आपटेआजोबा (१०४): "चौथ्या" नव्हे, तुम्ही आताच चौघं आहात. पाचव्या.

वृषाली (३०२): 🙏 बदललं.

(रात्री ९:४०)

वृषाली (३०२): झालं बोलणं. दादा थोडे तुटक होते. "बरं बरं, तुमची अडचण असेल तर काय" म्हणाले आणि फोन वहिनींकडे दिला. वहिनी आधी गप्प, मग म्हणाल्या, "खोलीच्या भाड्याचं आम्ही धरलंच होतं हो. पण हा कधी एकटा राहिलेला नाही. रात्री कुठे असतो, कुणाबरोबर असतो, कोण बघणार?" आजोबा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. ह्यांनी सांगितलं की घरमालकाकडे आमचा नंबर देऊन ठेवू, आणि खोली राजेंद्रनगरच्या बाजूची बघू, म्हणजे जाता-येता डोकावता येईल. सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "रविवारी माझ्यासमोर बसून जेवेल, वाळला तर मी तुला कळवीन." त्यावर वहिनी हसल्या. दादा अजून घुश्शात असणार, ते मला माहीत आहे. यांना म्हटलं, परवा पुन्हा फोन करा, पण घराचा विषय काढू नका, क्लासचं विचारा.

सुलभाकाकू (१०१): दादा निवळतील. पोरगा पहिल्या रविवारी जेवून गेला की.

वृषाली (३०२): बापलेक बारा तारखेला खोल्या बघायला येतायत. खंडव्याकडून येणारी बस तशीही भंवरकुआवरूनच येते, तर तिथेच उतरतील. काय काय बघायचं खोलीत?

मकरंद (२०३): पाणी आधी. टाकी केवढी आणि किती मुलांत, ते घरमालकाला न विचारता तिथे राहणाऱ्या मुलांना विचारा, तेही सकाळी. वरच्या मजल्याची, पत्र्याची खोली स्वस्त मिळेल, पावसाळ्यात छान वाटेल, मार्चनंतर भाजून निघेल. प्रिलिम्सचा अभ्यास नेमका तेव्हा आला तर पोरगा दिवसभर बाहेर. विजेचं मीटर वेगळं की पाॅइंटप्रमाणे पैसे, ते ठरवून घ्या. डिपॉझिटची पावती किंवा निदान मोबाइलवर लिहून. आणि घरमालक आधारची प्रत मागून ठाण्यात माहिती देत असेल तर कटकट समजू नका, तसाच मालक चांगला.

नेहा (४०१): अभ्यासाची लायब्ररी चालत जाण्याच्या अंतरावर आहे का तेही बघा. खोलीत दोघं-तिघं असले की कोणीच वाचत नाही.

मकरंद (२०३): रविवार आहे ना बारा तारखेला? मी येतो बरोबर. सकाळी आठला खाली भेटू, दादांना पोहे-जिलबी खायला घालू आणि मग गल्ल्या पालथ्या घालू. उशीर केला तर पत्र्याच्याच खोल्या उरतील.