प्रोफाइलच्या फोटोवर कोट आणि स्टेथोस्कोप चढवायचा का?

पानवाली
एका क्लिनिकची वेबसाइट करतेय. 'आमची टीम' या पानावर सहा जण आहेत: तीन डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, एक आहारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक. ज्याला जो सापडला तो फोटो त्याने पाठवलाय, कुणी सूटमध्ये, कुणी साध्या शर्टात. मालक डॉक्टर म्हणतात, फोटोशॉपमध्ये सगळ्यांना पांढरा कोट घाल, गळ्यात स्टेथोस्कोप अडकव, म्हणजे पान एकसारखं दिसेल. असं करणं तुम्हाला योग्य वाटतं का? आणि करायचंच झालं तर ते चिकटवलेलं दिसू नये म्हणून काय करू?

सरळसोट
बिनधास्त करा. स्टुडिओत फोटो काढायला गेलेले किती डॉक्टर स्वतःचा कोट घेऊन जातात? तिथे खुंटीवर टांगलेला कोट घालतात, फोटो झाला की परत टांगतात. तोच कोट संगणकावर घातला तर एवढं काय बिघडलं? शिवाय रुग्णांना कोट आवडतो हे अभ्यासातून दिसलंय. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या 10 मोठ्या रुग्णालयांत चार हजारांवर रुग्णांना वेगवेगळ्या कपड्यांतल्या डॉक्टरांचे फोटो दाखवले होते. नीटनेटके कपडे आणि वर पांढरा कोट, यालाच सगळ्यात जास्त पसंती मिळाली. मालक धंदा ओळखून आहेत.

ओपीडीतली
सरळसोट, अभ्यास बरोबर सांगितलात, पण अर्धाच. त्यात दाखवलेली सगळी माणसं डॉक्टर म्हणूनच दाखवली होती. आहारतज्ज्ञाला कोट घातला तर रुग्णाला कसं वाटेल, हे त्यात कुणी विचारलंच नव्हतं. आणि आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांसाठी आणि सर्जनसाठी बऱ्याच जणांनी कोटापेक्षा स्क्रब, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले सैल कपडे, निवडले होते. म्हणजे कोण काय काम करतं, त्यावर कपडे ठरतात.

मी स्वतः डॉक्टर आहे. माझ्या फोटोवर कुणी कोट चढवला तर माझी हरकत नाही, कारण मी रोज तो घालते. फोटोत दिसणारी गोष्ट माझ्या बाबतीत खरीच आहे, फक्त त्या दिवशी ती अंगावर नव्हती. समुपदेशकाचं तसं नाही. त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला की 'हा माणूस तुम्हाला तपासेल' असं फोटो सांगतो, आणि तो तर तपासणार नाही.

"खाली पद लिहिलंय ना" हे उत्तर मला पटत नाही. पानवालीताई, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल: फोटो एका जागी राहत नाही. तोच अपॉइंटमेंटच्या छोट्या गोलात जातो, नकाशावरच्या नोंदीत जातो, कुणीतरी स्क्रीनशॉट काढून घरच्यांना पाठवतो. तिथे पद गळतं, कोट तेवढा उरतो.

खडूस_काका
म्हणजे बोगस डॉक्टरांना खरं दाखवायचा धंदा! अशा क्लिनिकची तक्रार करायला हवी. आणि इथे लोक 'बिनधास्त करा' म्हणतायत.

पानवाली
काका, एकही बोगस नाही हो. सहाही जण आपापल्या विषयात शिकलेले आहेत आणि ज्याचं त्याचं खरं पद खाली येणार आहे. प्रश्न फक्त फोटोतल्या कपड्यांचा आहे.

लांबणदार
आमच्या आईचं सांगतो. एका क्लिनिकच्या साइटवर फिजिओचा फोटो कोट-स्टेथोस्कोपसकट होता. आई त्यांच्याकडे गुडघ्यासाठी जायची. एकदा तिने त्यांनाच विचारलं, बीपीची गोळी बंद करू का? त्यांनी अगदी नीट सांगितलं की हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. तरी आईच्या मनातून जाईना. "एवढे मोठे डॉक्टर, आणि साधं गोळीचं सांगत नाहीत." त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती, फोटोने तिची समजूत आधीच करून ठेवली होती.

हालचाल
मी फिजिओथेरपिस्ट आहे. लांबणदार, तुमच्या आईंचा गोंधळ समजू शकतो, पण त्यावरून 'फिजिओला स्टेथोस्कोप नको' असं म्हणणार असाल तर मान्य नाही. अतिदक्षता विभागात मी रोज छाती ऐकते. कफ कुठे साठलाय, व्यायामानंतर हवा कुठवर पोचली, हे आणखी कसं कळणार? नर्सही रोज वापरतात. स्टेथोस्कोप ही काही डॉक्टरांची जहागीर नव्हे. लेनेक या फ्रेंच डॉक्टरने 1816 मध्ये कागदाची सुरळी करून छातीला लावली, तेव्हापासून ते ऐकायचं साधन आहे, बिल्ला नाही.

ओपीडीतली
छातीचं काम करणाऱ्या फिजिओच्या गळ्यात स्टेथोस्कोप खराच शोभतो, हे कबूल. पण पानवालीताईंच्या क्लिनिकमधले फिजिओ छातीचं काम करतात की गुडघ्या-कमरेचं, ते आधी विचारा. रोज न वापरणाऱ्याच्या गळ्यात तो दागिनाच होतो. मग तो माणूस डॉक्टर का असेना. माझे एक मानसोपचारतज्ज्ञ सहकारी आहेत, त्यांनी कित्येक वर्षांत रुग्णांसमोर कोट घातलेला नाही. मुद्दामच घालत नाहीत, समोरचा माणूस मोकळा बोलावा म्हणून. त्यांच्या फोटोवर कोट चढवला तर ते पदवीने खरं आणि भेटीत खोटं.

जुनी_लेन्स
योग्य-अयोग्य तुम्ही ठरवा. "चिकटवलेलं दिसू नये म्हणून काय करू" याला अजून कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. सूटमधल्या डॉक्टरांचा फोटो धरून चालू.

बहुतेक जण कोट घातलेला तयार देह शोधतात आणि त्यावर डोकं बसवतात. फसतं ते इथेच. मान ही सगळ्यात अवघड जागा: कातडीचा रंग, मानेच्या शिरा, हनुवटीची सावली, सगळं जुळवावं लागतं, आणि खांद्यांची रुंदी त्या माणसाची नसतेच. त्यापेक्षा मूळ फोटोतली मान आणि शर्टाची कॉलर तशीच ठेवा. त्यावर फक्त कोट घाला, खऱ्या आयुष्यात घालतात तसा, शर्टाच्या वरून. कोटाच्या कॉलरच्या पट्ट्यांनी सूटच्या पट्ट्या झाकल्या की काम बरंच उरकतं. सूटची काळी कड खांद्यावर कुठे डोकावत नाही ना, ते मोठं करून बघा.

कोट नेटवरून उचलू नका. क्लिनिकमध्ये खरा कोट असणारच. डॉक्टरांच्याच बांध्याच्या कुणाला तरी तो घालून खिडकीजवळ उभं करा, मूळ फोटोत उजेड ज्या बाजूने येतोय त्याच बाजूने येऊ द्या आणि कॅमेरा तेवढ्याच उंचीवर धरा. पाच मिनिटांचं काम आहे. एवढं केलंत की नंतरच्या दुरुस्त्या निम्म्याने कमी होतात.

आता पांढरा रंग. कोट शुद्ध पांढरा, म्हणजे 255, केला की चुण्या मरतात आणि तो कागदाचा दिसतो. सगळ्यात उजळ भाग 240 च्या आसपास ठेवा, सावलीतल्या चुण्या दिसू द्या. पानाची पार्श्वभूमीही पांढरी असेल तर खांदे त्यात विरघळतात, तेव्हा मागे हलका राखाडी किंवा निळसर रंग घ्या. मूळ फोटो पिवळट दिव्याखाली काढलेला असेल तर कोटही थोडा पिवळट हवा. पिवळसर चेहऱ्याखाली निळसर-पांढरा कोट आला की लबाडी लगेच कळते.

एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. पांढरा कोट उजेड वर फेकतो. तो अंगावर असला की हनुवटीखालची सावली फिकी पडते. काळा सूट उजेड गिळतो, म्हणून मूळ फोटोत हनुवटीखाली गडद सावली असते. कोट चढवून ती तशीच ठेवली तर बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. ती सावली थोडी उजळा. फार नाही, अगदी कळेल न कळेल इतकी.

आणि फोटो आडवा उलटवू नका. उलटवलात तर छातीवरचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो, बटणांची बाजू बदलते, नाव शिवलेलं असेल तर अक्षरं उलटी होतात.

हालचाल
स्टेथोस्कोपचं राहिलं की! साइटवर बघताना आम्ही आधी तिथेच बघतो आणि हसतो. मानेवरून टाकलेला असेल तर एका बाजूला कानात घालायच्या दोन धातूच्या नळ्या आणि दुसऱ्या बाजूला छातीला लावायची चकती, असं दिसलं पाहिजे. मी दोन्ही बाजूंना चकत्या असलेला फोटो पाहिलाय. एकात रबरी नळी कॉलरखाली गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. कानात लावलेला दाखवणार असाल तर कानातली टोकं नाकाच्या दिशेने थोडी पुढे झुकलेली हवीत, कारण कानाची वाटच तशी असते. मागे झुकलेली असली तर नीट ऐकूच येत नाही.

जुनी_लेन्स
अगदी. नळीला वजन असतं हेही विसरतात लोक. ती कोटावर टेकते, जिथे टेकते तिथे बारीक, गडद सावली पडते आणि कापड जरा दबतं. सावली नसलेली नळी हवेत तरंगते. म्हणून माझं मत, कोटाचा फोटो काढताना स्टेथोस्कोप त्याच माणसाच्या गळ्यात असू द्या. वेगळा चिकटवूच नका.

सरळसोट
एवढं सगळं करण्यापेक्षा सहाही जणांना एका दुपारी बोलवून नवे फोटो काढले तर? उगाच विचारतो.

ओपीडीतली
तेच म्हणणार होते. पान एकसारखं करायचं तर पार्श्वभूमी एकच ठेवा, छातीपर्यंतचीच चौकट घ्या, सगळ्यांचे डोळे एका रेषेत आणा. त्यासाठी सहा कोट लागत नाहीत. कोटाचा आग्रह सगळीकडे आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये 2007 पासून हात कोपरापर्यंत उघडे ठेवायचं धोरण आलं, तेव्हा तिथल्या वॉर्डांतून लांब बाह्यांचा कोट जवळपास गेलाच.

पानवाली
मालकांशी बोलले. नवे फोटो काढायला वेळ नाही म्हणतात. समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ यांना कोट नको, हे पटलं त्यांना. दोन डॉक्टरांना कोट चढवतेय, दोघेही रोज घालतात. फोटो तयार झाला की ज्याचा त्याला दाखवून होकार घेणार, मगच साइटवर टाकणार. तिसरे डॉक्टर बालरोगतज्ज्ञ आहेत, मुलं कोट बघून रडतात म्हणून ते कधी घालतच नाहीत. त्यांचा आहे तो शर्टातलाच ठेवते. फिजिओ कमरेचंच काम जास्त करतात, पण त्यांना स्वतःला कोट आणि स्टेथोस्कोप दोन्ही हवंय.

लांबणदार
त्यांना हवंय म्हणून द्यायचं का? बघणारा रुग्ण आहे, ते नाहीत.

हालचाल
कोट द्या, तो आम्हीही घालतो. स्टेथोस्कोपचं त्यांना एकच विचारा, गेल्या आठवड्यात किती छात्या ऐकल्या.

ओपीडीतली
कोटालाही माझा विरोधच. छोट्या गोलात दोन्ही सारखंच बोलतात.

हालचाल
मग नर्सचा गणवेशही काढून घ्या! यावर आपलं जमणार नाही, डॉक्टर.