अनुभव धागा: घरातलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर की ५ वर?

डोंबिवलीकर
आमची इमारत सात मजली, मजल्यावर चार घरं आणि जवळजवळ प्रत्येक घरात राउटर. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. राउटर हॉलमध्ये, मुलीची अभ्यासाची खोली दोन भिंतींपलीकडे. रात्री नऊला तिचा ऑनलाइन क्लास सुरू झाला की चित्र अडकायचं, आणि वायफायच्या दांड्या मात्र पूर्ण दिसायच्या. नवा राउटर आणायच्या आधी तिच्याच खुर्चीत बसून स्पीड मोजला. रात्री नऊला २.४ वर ८, ५ वर ४१, तेही दोनच दांड्या असताना. पहाटे पाचला २.४ वर ५२, ५ वर ४३. खुर्ची तीच, भिंती त्याच. आमची लाइनच संध्याकाळी मंदावत असती, तर ५ वरही स्पीड पडला असता. म्हणजे अडचण अंतराची नव्हतीच, गर्दीची होती. आता तिच्या लॅपटॉपमधून २.४ चं नाव काढूनच टाकलंय.
तुमचे अनुभव लिहा. मोजलं असेल तर जागा आणि वेळ दोन्ही सांगा.

नाशिकची मावशी
माझ्या फोनमध्ये 5G नाही, साधं सिम आहे. म्हणजे मला हे ५ वालं वायफाय मिळणारच नाही ना?

डोंबिवलीकर
मावशी, सिमचा याच्याशी संबंध नाही. सिमचं 5G म्हणजे मोबाइलची पाचवी पिढी. राउटरच्या नावापुढे `_5G` दिसतं ते ५ गिगाहर्ट्झ. वायफायच्या यादीत ते नाव दिसत असेल तर तुमचा फोन ते पकडतो.

चिऱ्याचं घर, राजापूर
आमच्याकडे उलटं. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, शेजारचं घर कलमांच्या बागेपलीकडे. राउटर ओटीवर. माजघरापर्यंत ५ येतं, स्वयंपाकघरात नावही दिसत नाही. २.४ थेट मागच्या पडवीपर्यंत येतं आणि दिवसभरात कधीही ४०च्या आसपास देतं. आमचा प्लॅनच ५०चा, मग ५च्या मागे कशाला लागू? मोटरचा स्मार्ट स्विचही २.४ च घेतो.

ठाणे, नववा मजला
मी सोपा उपाय केला. फोनवर वायफाय ॲनालायझर लावला. २.४ चे चॅनेल १, ६ आणि ११ खच्चून भरलेले, ३ वर कोणीच नाही. राउटर ३ वर टाकला. दोन दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच.

केबल ओढणारा, पुणे
सोसायट्यांमध्ये राउटर बसवण्याचंच काम करतो म्हणून लिहितो. ठाणेकर, गर्दी ओळखलीत ती बरोबर, पण ३ रिकामा नाही. २.४ मध्ये एक चॅनेल शेजारच्या तीन-चार आकड्यांवर सांडतो. तुम्ही १ वाल्यांच्याही अंगावर आहात आणि ६ वाल्यांच्याही. सगळे ६ वर असले तर राउटर एकमेकांना ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. अर्धवट आत घुसलेल्याचं बोलणं कळत नाही, तो नुसता गोंगाट होतो. १, ६, ११ पैकी सर्वात कमी गर्दीचा घ्या, आणि `Channel Width` २० ठेवा. ४० केलंत तर एकटेच जवळजवळ अख्खा बँड अडवाल.
५ मध्ये चॅनेल बरेच जास्त आहेत. शिवाय ते भिंतीत जास्त अडतं, म्हणून शेजाऱ्याचंही तुमच्याकडे कमी पोचतं. डोंबिवलीच्या दोन दांड्या जिंकल्या त्या यामुळेच. पण त्याला मर्यादा आहे. ॲपमध्ये सिग्नल उणे ७५ च्या खाली गेला की ५ डळमळतं. उणे ८० ला मी गिऱ्हाइकाला ५ चा हट्ट सोडायला सांगतो, किंवा त्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावतो.

ठाणे, नववा मजला
११ वर टाकलं, रुंदी २०. काल रात्री स्पीड ९ वरून १९ झाला. बेडरूममध्ये ५ उणे ८२ दाखवतंय, त्यामुळे तिथे सध्या हेच.

विलेपार्ले
माझं ५ अधूनमधून गायब होतं. नावच यादीतून जातं, मिनिट-दोन मिनिटांनी परत येतं. २.४ चालूच असतं. राउटर `Auto` वर आहे, पाहिलं तर चॅनेल १०० होता.

केबल ओढणारा, पुणे
५२ ते १४४ हे चॅनेल रडारलाही लागतात. रडारचा मागमूस लागला की राउटरला तिथून उठावं लागतं, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर गेला तर आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं. ३६ किंवा १४९ हाताने निवडून बघा.

विलेपार्ले
चार दिवस ३६ वर आहे. रोज तीन-चारदा जायचं ते थांबलं, पण काल रात्री एकदा गेलंच, आणि तेव्हा २.४ सुद्धा गेलं. हे रडारचं तर नसणार. अ‍ॅडॉप्टर गरम लागतोय. असं कोणाचं झालंय का?