‘तुमचे आभारी आहे’ की ‘तुमची आभारी आहे’? सरांना उत्तर लिहायचंय

बारावीवाली, दारव्हा तालुका:
आज फिजिक्सचा पेपर झाला. आमचे सर आठवडाभर रोज रात्री मेसेज पाठवत होते. घरी हरभऱ्याची सोंगणी सुरू, त्यात माझा अभ्यास मागे राहिलेला. पेपरच्या आदल्या रात्री तर मी आईले म्हटलं होतं का मी जातच नाही. आता सरांना उत्तर लिहिलं आहे, ते असं:

“आदरणीय सर, तुमच्या प्रोत्साहनपर संदेशांमुळे मला प्रेरणा मिळाली. मी तुमचे खूप खूप आभारी आहे. तुमचे उपकार मी कधीच फेडू शकणार नाही.”

मैत्रीण म्हणते ‘तुमचे आभारी’ चूक आहे. पण सगळे तसंच लिहितात. आणि वाचताना मलेच हे आभारप्रदर्शनाच्या भाषणासारखं वाटून राहिलं. काय बदलू?

नियमवाला:
‘तुमचे’ बरोबर आहे. सर मोठे आहेत, त्यांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणजे आदरार्थी बहुवचन. म्हणून ‘तुमचे आभारी’. मैत्रिणीला सांगा.

अकोल्याच्या बाई (३१ वर्षं मराठी शिकवलं):
आदरार्थी बहुवचन खरं, पण ते ‘तुम’मध्येच संपलं. पुढचा ‘चा-ची-चे’ सरांकडे पाहून ठरत नाही. तो ज्या शब्दाला चिकटतो त्याच्याकडे पाहतो. सर कितीही मोठे असोत, आपण ‘तुमची सायकल’ आणि ‘तुमचा डबा’च म्हणतो ना? इथे आभारी कोण आहे? मुलगी. म्हणून ‘मी तुमची आभारी आहे’. मुलगा असता तर ‘तुमचा आभारी’.

खूण हवी असेल तर शाळेत लिहिलेला रजेचा अर्ज आठव. खाली काय लिहायची? ‘आपली आज्ञाधारक’. तिथे कुणी ‘आपले आज्ञाधारक’ लिहीत नाही, आणि मुख्याध्यापकांचा मान काही कमी होत नाही.

नियमवाला:
मग ‘आपले आभारी आहोत’ हे प्रत्येक पत्रिकेत कसं छापतात?

अकोल्याच्या बाई:
कारण तिथे आभार मानणारे अनेक आहेत. ‘आम्ही आपले आभारी आहोत’ अगदी शुद्ध. तिथून ‘आपले’ उचललं आणि ‘मी’ला लावलं, असं मला वाटतं. दुसरीकडून ‘तुमचे आभार’ हाही शब्द कानात असतोच. आभार अनेकवचनी वापरतात, म्हणून त्याला ‘तुमचे’. या दोहोंची सरमिसळ होऊन ‘मी तुमचे आभारी’ तयार होतं. एक तर ‘तुमचे आभार’ लिही, नाहीतर ‘तुमची आभारी’.

नियमवाला:
बरं, अर्जाचं उदाहरण पटलं. पण निदान ‘धन्यवाद’ लिहू नका, तो हिंदी शब्द आहे.

अकोल्याच्या बाई:
हिंदीतही आहे, पण आहे संस्कृत. धन्य म्हणणे तो धन्यवाद. यातला वाद भांडणाचा नाही, आशीर्वादातला आहे. फक्त जोडी सांभाळावी: धन्यवाद देतात, आभार मानतात. ‘धन्यवाद मानतो’ कानाला खटकतं. मला विचाराल तर विद्यार्थिनीने सरांना नुसतं ‘धन्यवाद सर’ लिहिणं जरा कोरडं. रिक्षावाल्याने सुटे दिले तरी आपण तेच म्हणतो.

कपाशीवाला:
आमच्याकडं कोणी आभार-बिभार मानत नाई बाप्पा. मास्तर भेटले का पाया पडाचं, चार वांगे देल्ले, झालं. मी दहावीत दोनदा बसलो. गुरुजी घरी आले अन् बापाले म्हणे, पोट्ट्याले तिसऱ्यांदा बसवा. पास झाल्यावर त्याईले तुरीची दाळ नेऊन देल्ली. तुमच्या सरले काय आवडते ते पाहा पहिले.

बारावीवाली:
काका, काय द्याचं ते नाही विचारलं, काय लिहायचं ते विचारलं 😄

कपाशीवाला:
हाव का? मंग लिहा.

बँकेतली, वर्धा:
एक सावधगिरी. मी बदलीनंतर आमच्या साहेबांना ‘मी आपली सदैव कृतज्ञ राहीन’ लिहायला गेले आणि फोनने सुचवलेलं न बघता दाबलं. गेलं ‘कृतघ्न’. केलेलं जाणणारी ती कृतज्ञ, केलेलं मारून टाकणारी ती कृतघ्न. साहेबांनी फक्त ‘बरं’ लिहिलं. आजपर्यंत कळलं नाही की त्यांनी वाचलं की नाही.

अकोल्याच्या बाई:
मुली, मला तुझ्या ‘आभारी’पेक्षा ‘प्रोत्साहनपर संदेश’ जास्त खटकतो. सरांनी नेमकं काय लिहिलं होतं?

बारावीवाली:
आठवड्याआधी लिहिलं, ‘सराव परीक्षेत तुले ७० पैकी ४१ आहेत, त्यातले बारा फक्त घाईने गेले.’ अन् शेवटच्या रात्री, ‘येते ते आधी लिहून घे. एक गणित अडलं म्हणजे पेपर गेला नाही.’

अकोल्याच्या बाई:
बघ, दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने तुला हुरूप आला, कारण आपल्याच्याने होईल हे दिसलं. दुसऱ्याने धीर आला. धीर भ्यालेल्याला देतात. जो भ्यायलेला नाही त्याला धीर कशाला? तू आईला ‘जात नाही’ म्हणालीस, म्हणजे त्या रात्री धीरच हवा होता. ‘प्रोत्साहन’ या दोन्हींवर पांघरूण घालतं, मग सरांना कळणार कसं की त्यांचं कुठलं वाक्य लागू पडलं?

बँकेतली, वर्धा:
आणि उपकार फेडायची भाषा काढून टाक. त्यांनी काय कर्ज दिलं होतं का!

अकोल्याच्या बाई:
‘आभार न मानता ऋणात राहणं पसंत करीन’ हे तर मी सत्कारात इतक्यांदा ऐकलंय की ऋण म्हटलं की चहाची वाट बघते. पण ‘ऋणी’ शब्द वाईट नाही हो. जपून वापरायचा आहे.

बारावीवाली:
नवीन लिहिलं:

“सर, पेपर झाला. रोटेशनल डायनॅमिक्सच्या गणितापाशी हात थांबला होता. तेव्हा तुमचं वाक्य आठवलं, येते ते आधी लिहून घे. पुढचं सगळं लिहून परत आली तर अर्धं गणित सुटलं. त्या रात्री तुम्ही धीर दिला नसता तर मी गेलीच नसती. तुम्ही होते म्हणून तीन तास बसली. मी तुमची आभारी आहे.”

नियमवाला:
छान. पण ‘तुम्ही होतात’ करा. आणि ‘मी परत आले’, ‘बसले’, ‘गेलेच नसते’.

बँकेतली, वर्धा:
का? आमच्याकडे ‘तुम्ही होते’, ‘मी आली’ असंच बोलतात. तिचे सरही तसंच बोलत असणार.

नियमवाला:
बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. ‘आभारी’ला नियम लावायचा आणि इथे सोडायचा?

अकोल्याच्या बाई:
उत्तरपत्रिकेत मी ‘होतात’च करून घेतलं असतं, लाल शाईने. ‘तुमचे आभारी’ मात्र वऱ्हाडीही नाही, ती नुसती घाई आहे. पण हे पत्र आहे. मला ठरवता येत नाही. तिचं तिने बघावं.

बारावीवाली:
पाठवलं. सरांचं उत्तर आलं: “वाचलं पोरी. लय बरं वाटलं. आता केमिस्ट्री घे.”

नियमवाला:
‘होते’ तसंच ठेवलं का?

बारावीवाली:
हाव.