तोच प्रश्न, परत परत कार्ड

"मनासारखं टॅरो कार्ड आलं नाही म्हणून परत काढलं तर काय बिघडतं?"

अहो, 78 पैकी निम्मी कार्डं 'हो'कडे झुकणारी धरली तर एका खेपेला 'हो' यायचा चान्स 50 टक्के, पण दरवेळी नीट शफल करून तीनदा काढलं की एकदा तरी 'हो' यायचा चान्स साडेसत्त्याऐंशी टक्के होतो, आणि आपण थांबतो नेमके तिथेच! नोकरीसाठी आधी टॉवर आला, मग थ्री ऑफ स्वोर्ड्स, मग सन, की लगेच "बघ, होणार". आधीची दोन गेली कुठे? माझ्या ओळखीच्या एक रीडर म्हणूनच पहिलं स्प्रेड, म्हणजे पहिल्यांदा मांडलेली कार्डं, तारखेसकट वहीत लिहितात, अडलंच तर त्याच कार्डावर एक क्लॅरिफायर, म्हणजे खुलाशासाठी जादा कार्ड, काढतात, बाकी इंटरव्ह्यू वगैरे काही नवीन घडल्याशिवाय तो प्रश्न परत घेतच नाहीत, क्लायंट कितीही मागे लागला तरी.